सोळाच्या जागी आठ

आमच्या यवतमाळच्या दुकानात गिऱ्हाईकाला कॉम्प्युटर देण्याआधी दहा मिनिटं गेम चालवून दाखवायची पद्धत आहे. ही पद्धत माझ्या मोठ्या भावाने, दादाने, सुरू केली आणि तिचा त्याला फार अभिमान. काउंटरवर आमचा स्वतःचा चोवीस इंची साधा मॉनिटर असतो. त्यावर गेम लागतो, वरच्या कोपऱ्यात सेकंदाला किती चित्रं पडतात तो आकडा हिरव्या रंगात येतो. आकडा साठच्या वर दिसला की दादा खुर्चीत मागे रेलतो आणि गिऱ्हाईकाकडे बघतो. त्याच्या चेहऱ्यावर तेव्हा जे समाधान असतं, ते मला गेली कित्येक वर्षं सहन होत नाही.

जोडणी मी करते. बोर्ड, पंखे, वायरी, थर्मल पेस्ट, सगळं मीच. तरी दुकानात शिरणारा माणूस मला बघून विचारतो, "भाऊ नाहीत का?" भाऊ असतात. भाऊ काउंटरवर असतात आणि बोलतात. मी मागच्या टेबलावर असते आणि स्क्रू पिळते. दुकान सुरू केलं तेव्हा आमच्यात एक नियम ठरला होता की गिऱ्हाईकासमोर एकमेकांचं म्हणणं खोडायचं नाही. जे काय भांडायचं ते शटर पाडल्यावर. आमचे वडील ऑफिसात होते, त्यांनी आयुष्यभर साहेबासमोर हेच केलं आणि आम्हालाही तेच शहाणपण म्हणून दिलं. मी तो नियम पाळला. त्याच नियमाने माझ्या हातून जे झालं ते आता लिहून काढते आहे, कारण अजून डोक्यातून जात नाही.

एका शनिवारी पुसदहून एक मुलगी आणि तिचे वडील आले. तेवीस-चोवीसची असेल. आईला अर्धांगवायू होऊन वर्ष झालं होतं, त्यामुळे घर सोडून नोकरीसाठी पुण्याला जाणं तिला शक्य नव्हतं. वडील शेतीवाले, कपाशी आणि तूर, दिवसभर वावरात. आईला उठवणं-बसवणं हिच्याकडेच. पण तिला एक काम मिळू पाहत होतं, आणि ते घरूनच करायचं होतं. गेम बनवणारी एक कंपनी बाजारात यायच्या आधीचा गेम खेळायला देते, आणि खेळताना जे जे चुकलेलं दिसेल ते लिहून पाठवायचं. भिंतीतून हात आरपार गेला, पाटीवरचं अक्षर उलटं आलं, सावली भलतीकडे पडली, असं सगळं. आधी दहा दिवसांची परीक्षा, आणि ती पास झाली की पगारी नोकरी. जागा एकच होती.

ती बोलत होती तेव्हा मी हातातलं काम थांबवून ऐकत होते, कारण ती बोलायचीच तशी. आमच्या काउंटरच्या काचेवर एक जुना स्टिकर होता, त्यातला छपाईचा एक दोष तिने बसल्या बसल्या दाखवला. तो स्टिकर तिथे सहा वर्षं होता आणि तो दोष आम्हा दोघांना कधी दिसला नव्हता.

कंपनीने तिला कागद पाठवला होता. मॉनिटर टू-के, म्हणजे साध्या फुल एचडीपेक्षा बारीक ठिपक्यांचा, सत्तावीस इंची. ग्राफिक्स कार्डाची स्वतःची मेमरी सोळा जीबी. टेक्श्चर सगळ्यात वरच्या दर्जावर ठेवूनच खेळायचं. टेक्श्चर म्हणजे गेममधल्या भिंतींवर, रस्त्यांवर, कपड्यांवर चिकटवलेली चित्रं. तीच तपासायची असल्याने ती कमी दर्जावर ठेवून चालणार नव्हतं.

ते कार्ड दोन प्रकारांत येतं. नाव एक, चिप एक, फरक फक्त मेमरीचा, आठ किंवा सोळा. आमच्याकडे आठवाली तीन पडली होती. सोळावालं नागपूरहून मागवावं लागलं असतं, पाच-सहा दिवस गेले असते, आणि तिची परीक्षा सोमवारी सुरू होत होती. इथपर्यंत दादाची अडचण मलाही मान्य आहे. त्याने तेवढंच सांगायला हवं होतं. तिने कंपनीकडून चार दिवस मागून घेतले असते, किंवा ती नागपूरला गेली असती. काय करायचं ते तिने ठरवलं असतं.

दादाने तिच्या वडिलांकडे तोंड करून सांगितलं, "काकाजी, सोळा फोर-केवाल्याले लागते. तुमचा मॉनिटर टू-के आहे. टेक्श्चर मॉनिटरच्या हिशोबानं भरते, आठात आरामात बसते. कंपनीवाले आपले सेफ्टीसाठी जास्त लिहून देतात."

यातलं एक वाक्यही सरळ नव्हतं. बारीक ठिपक्यांच्या मॉनिटरला मेमरी थोडी जास्त लागते हे खरं आहे, पण ते वाढणं थोडंच. खरी जागा खातात ती टेक्श्चर, आणि ती किती खाणार हे गेममधल्या सेटिंगवर ठरतं. दर्जा सगळ्यात वर ठेवला तर साध्या फुल एचडी मॉनिटरवरसुद्धा नवे मोठे गेम आठच्या पुढे जातात. ओट्याचं असतं तसं आहे हे. ओट्यावर मावेल तेवढं हाताशी, बाकीच्यासाठी दर वेळी आतल्या खोलीत जावं लागतं. कार्डाची मेमरी भरली की उरलेली चित्रं कॉम्प्युटरच्या साध्या रॅममध्ये जातात, तिथून येईपर्यंत गेम अडखळतो. आणि काही गेम त्याहून लबाड असतात. ते अडखळत नाहीत, गुपचूप टेक्श्चरचा दर्जा उतरवतात. आकडा साठच राहतो आणि भिंत चिखलासारखी दिसते.

हे मला माहीत होतं. दादालाही माहीत असणार, निदान अर्धं तरी. मी टेबलावरून मान वर केली, दादाने माझ्याकडे बघितलं, आणि मी मान खाली घातली.

मग दहा मिनिटांचा खेळ झाला. तिचा नवा मॉनिटर खोक्यातच होता, तो उघडला नाही, उगाच पॅकिंग कायले फोडायचं म्हणून. आमच्या साध्या मॉनिटरवर दादाने आमच्याकडचा एक मोठा गेम लावला, टेक्श्चर सगळ्यात वर. आकडा ऐंशीच्या आसपास. नुकताच सुरू झालेला गेम, एकच गल्ली, मेमरी भरायला फारसा वेळच मिळाला नाही. तरीही शेवटच्या मिनिटाला पात्र चौकात पोहोचलं तेव्हा समोरच्या दुकानाची पाटी धूसर आली आणि तशीच राहिली. दादाने पात्र आणखी दोन वेळा त्या पाटीसमोरून नेलं. पाटी साफ झाली नाही. मला ती माझ्या जागेवरून स्पष्ट दिसत होती.

मुलगीही वाकून बघत होती. तिने विचारलं, ही पाटी अशीच आहे का. दादा म्हणाला, गेमच तसा आहे, तुम्ही वरचा आकडा बघा. तिने आकडा बघितला. वडिलांनी खिशातून हळदीकुंकवाची पुडी काढली, कॅबिनेटला बोट लावलं, नारळ मात्र घरी फोडू म्हणाले. मी खोकं बांधून दिलं. माझ्या हातांनी बांधून दिलं.

शटर पाडल्यावर मी दादाशी भांडले, नियमाप्रमाणे. तो म्हणाला, चालून जाईल, बऱ्याच पोरांचं चालते. ते खरं आहे आणि म्हणूनच चीड येते. फुल एचडीवर गोळीबाराचे ऑनलाइन गेम खेळणाऱ्या पोरांना आठ जीबी पुरतं. टेक्श्चर एक पायरी खाली ठेवलं तर टू-केवरही पुष्कळ गेम छान चालतात. मी स्वतः अशा लोकांना आठवालंच देते आणि उगाच सोळा घेऊ नका म्हणून सांगते. पण या मुलीला टेक्श्चरच तपासायचं होतं. आंधळ्या चष्म्याने पेपर तपासायला बसवल्यासारखं होतं ते, आणि चष्मा आम्ही विकला होता.

पुढचा आठवडा गेला. तिचा फोन आला नाही म्हणून दादा खूश होता. बघ, म्हणाला.

फोन त्याच्या पुढच्या शनिवारी आला. परीक्षेच्या दहा दिवसांत तिने नऊ चुका लिहून पाठवल्या होत्या. बाजारातल्या पाट्या जवळ गेल्यावरही वाचता येत नाहीत. देवळाच्या भिंतीवरचं कोरीवकाम वितळल्यासारखं दिसतं. अर्धा तास खेळल्यावर प्रत्येक वळणावर गेम क्षणभर थांबतो. अशा. कंपनीने कळवलं होतं की यातल्या सात चुका त्यांच्या एकाही मशीनवर दिसत नाहीत. अर्जात तिने कार्डाचं फक्त नाव लिहिलं होतं, कारण अर्जात तेवढंच विचारलं होतं, आणि नाव तर दोन्ही कार्डांचं सारखंच. आता त्यांनी विचारलं होतं, कार्ड नक्की किती जीबीचं आहे? दोष मशीनचा असेल तर दुकानदाराचं पत्र आणि दुरुस्त मशीनवरचे नवे अहवाल जमेल तितक्या लवकर पाठवा, आम्ही पुन्हा विचार करू.

सोमवारी ती एकटीच कॅबिनेट घेऊन एसटीने आली. आईजवळ शेजारीण बसवून आली होती. कॅबिनेट गोधडीत गुंडाळून दोरीने बांधलं होतं. तिने ते काउंटरवर ठेवलं तेव्हा तिच्या मनगटावर दोरीचे वळ दिसले.

मी टेबलावरून उठले. पण दादाने आधीच कॅबिनेट ओढून घेतलं आणि सांगितलं, ड्रायव्हरचा प्रॉब्लेम आहे, विंडोज नव्याने टाकावं लागेल, दोन दिवस लागतील. मुलगी म्हणाली की कंपनीने मेमरीचं विचारलंय. दादा म्हणाला, त्यांनाही काही समजत नसते. दुसरं गिऱ्हाईक उभं होतं. मी पुन्हा गप्प बसले. स्वतःला सांगितलं की शटर पडलं की बोलू. ती पुसदच्या गाडीला गेली.

शटर पडल्यावर मी बोलले, आणि चांगलं वाजलं. मी म्हटलं, विंडोज दहा वेळा टाक, आठाचे सोळा होणार नाहीत. तो म्हणाला, पत्र लिहून दिलं तर दुकानाचं नाव जाईल. आणि वर, "तुले फक्त चुका दिसतात." मंगळवारी त्याने विंडोज टाकलं. बुधवारी पुन्हा टाकलं. दहा मिनिटं गेम चालवला, साध्या मॉनिटरवर, आकडा हिरवा. मला म्हणाला, पाह्य, झालं दुरुस्त. तळपायाची आग मस्तकात गेली तरी बुधवारचा पूर्ण दिवस मी माझ्या टेबलावरच काढला. लोहाऱ्याच्या एमआयडीसीतल्या एका डिझाइनवाल्याने मागवलेलं सोळावालं कार्ड त्याच दिवशी नागपूरहून आलं होतं आणि माझ्या मागच्या कपाटात होतं. मी ते बघत होते. हात लावला नाही.

गुरुवारी सकाळी दादा यायच्या आधी मी डिझाइनवाल्याला फोन केला. तो भला माणूस, चार दिवस थांबतो म्हणाला. मग मुलीला फोन केला आणि तिचा मॉनिटर घेऊन यायला सांगितलं. ती दुपारी एकला पोहोचली. तोवर दादा आला होता. मी त्याला काही विचारलं नाही. मॉनिटर टेबलावर लावला, आठवालं कार्ड आधी तसंच ठेवलं आणि मुलीला म्हटलं, तू खेळ, रोज खेळतेस तसं, मी लिहिते.

तिने कंपनीचाच गेम लावला. वेशीपासून बाजार, बाजारातून देऊळ, परत बाजार. पहिली काही मिनिटं सगळं गुळगुळीत. कार्डाची मेमरी सात, साडेसात, आणि मग आठाला टेकली. तिथून पुढे सरासरी आकडा साठच्या जवळच, पण प्रत्येक वळणावर तो क्षणभर पंधरावर आपटायचा आणि परत चढायचा. सरासरीत ते दिसतच नाही. पाट्या धूसर. देवळाची भिंत वितळलेली. टेक्श्चर दोन पायऱ्या खाली केलं, अडखळणं गेलं, पण पाट्या तशाच न वाचण्यासारख्या. मग तिचा मॉनिटर काढून आमचा साधा लावला, टेक्श्चर परत वर. मेमरी थोडीच कमी झाली आणि वीस मिनिटांत पुन्हा आठाला टेकली. मॉनिटरच्या हिशोबाने भरते म्हणे.

मग मी कार्ड बदललं. तिचा टू-के मॉनिटर परत लावला, तीच सेटिंग, तोच रस्ता, पाऊण तास. मेमरी अकराच्या आसपास जाऊन स्थिर झाली. दादाचा लाडका सरासरी आकडा चार-पाचनेच वाढला, कारण चिप तीच होती. पण एकदाही आपटला नाही. आणि पाट्या वाचता येत होत्या. मुलीने एक पाटी मोठ्याने वाचली. मग दुसरी. देवळाच्या खांबावरच्या एका मोराला पाय तीन होते, ते तिला दिसलं, आणि तिने लगेच वहीत लिहून घेतलं. तिचे डोळे भरून आले होते आणि ती लिहीत होती.

दादा काउंटरवरून सगळं बघत होता. 

मी दुकानाच्या छापील कागदावर पत्र लिहायला घेतलं. कंपनीने सोळा सांगितले असताना आमच्या दुकानाने आठ जीबीचं कार्ड दिलं, अहवालातले दोष त्या कार्डामुळे आहेत, आज कार्ड बदलून दिलं आहे. दादा आता पुढे आला आणि हळू आवाजात म्हणाला की एवढं स्पष्ट नको, तांत्रिक बिघाड एवढं लिही. मी त्याच्याकडे बघितलंही नाही. मला स्वतःबद्दल बरं वाटायला लागलं होतं. हे कबूल करते, कारण ते बरं वाटणं पुढच्या मिनिटभरात उतरलं.

मुलगी माझ्या बाजूला उभी राहून पत्र वाचत होती. ती म्हणाली, "ताई, त्या दिवशी ती पाटी तुमाले बी धूसरच दिसली होती ना?"

मी हो म्हटलं.

"मंग मले काहून नाही सांगतलं?"

मी तिला आमचा नियम सांगितला. बोलताना माझ्याच कानाला तो किती घाणेरडा लागत होता ते मला कळत होतं. तिने पूर्ण ऐकून घेतलं. ओरडली नाही, रडली नाही. चुकांची यादी करायची सवय असलेलं माणूस जसं बघतं तसं माझ्याकडे बघत राहिली.

"मंग ते बी लिहा," ती म्हणाली.

मी लिहिलं. दोष विक्रीच्या दिवशीच आमच्या नजरेस आला होता, जोडणी करणाऱ्या व्यक्तीने तो पाहिला होता, तरी ग्राहकाला सांगितला नाही. खाली माझी सही केली. दुकानाचा शिक्का दादाकडे होता. तो द्यायला तयार नव्हता. मी त्याचा ड्रॉवर ओढून शिक्का काढला आणि मारला. तिने पत्राचा फोटो आणि आमच्या दुपारच्या नोंदी तिथेच बसून कंपनीला पाठवल्या, तीन पायांच्या मोरासकट, आणि सहाच्या एसटीने गेली. निघताना ती मला नमस्कार करायला विसरली नाही, आणि तो नमस्कार मला लागला.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास तिने कंपनीचं उत्तर मला जसंच्या तसं पुढे पाठवलं. अहवाल नेमके आहेत, लिहिणारीची नजर उत्तम आहे, पत्राबद्दल आभार. मात्र तुमच्याकडून उत्तर न आल्याने ती एक जागा बुधवारी दुसऱ्या उमेदवाराला दिली आहे.

दादाने ते वाचलं आणि म्हणाला, म्हणजे आपल्या कार्डामुळे नाही गेली, उशिरामुळे गेली. मी त्या दिवशी त्याच्यावर जी ओरडले ती बाजूच्या झेरॉक्सवाल्यानेही ऐकली, आणि मला त्याची लाज वाटत नाही. पण संध्याकाळी एकटी बसले तेव्हा ओरडायला समोर दादा नव्हता. बुधवारी तिचं मशीन आमच्या दुकानात होतं. दादा त्यात विंडोज टाकत होता. सोळावालं कार्ड माझ्या मागच्या कपाटात होतं, आणि मी दिवसभर दुसऱ्याच्या कॅबिनेटमधली धूळ पुसत होते.